आप्पांचं उचंत खातं

आप्पा लग्नात जेवायला बसले की आधी ताट तपासतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी डावी बाजू, मग उजवी. एखादा जिन्नस दिसला नाही तर वाढप्याला थांबवून विचारतात, "पंचामृत आलं नाही. संपलं, की केलंच नाही?" संपलं असेल तर ती घटना आणि केलंच नसेल तर ती त्रुटी. घटनेला ते माफ करतात. त्रुटीची चौकशी मात्र थेट मुलीच्या वडिलांपर्यंत जाते.

त्यांची सगळी नोकरी एका बँकेच्या तपासणी विभागात झाली. गावोगावच्या शाखांत न कळवता सकाळी हजर व्हायचं, तिजोरी उघडायला लावायची, रोकड मोजायची आणि मॅनेजरनं मागवलेल्या चहाचे पैसे स्वतः द्यायचे. निवृत्तीनंतर शाखा सुटल्या, पण हिरव्या शाईचं पेन सुटलं नाही. दूधवाल्याचं कार्ड, सोसायटीचं पाणीबिल, नातवाचं प्रगतिपुस्तक, सगळ्यांवर त्यांच्या हिरव्या टिका असतात. काकू म्हणतात, "साखरपुड्याच्या अंगठीची पावतीसुद्धा यांनी फाइलला लावलीय. वजन थोडं कमी भरलं होतं, हे मात्र मला लग्न झाल्यावर सांगितलं."

अशा माणसाला आमच्या संस्थेनं कार्यकारिणीवर घेतलं, म्हणजे स्वतःहून तिजोरी उघडून दिली असंच म्हणायला हवं.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, व्हीलचेअर, कमोड चेअर, फाउलर बेड, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं साहित्य आम्ही अनामत घेऊन नाममात्र भाड्यानं देतो. माणूस बरा झाला, किंवा गेला, की साहित्य परत येतं, धुऊन-पुसून पुढच्या घरी जातं. केंद्र चालतं देणग्यांवर, आणि देणगीदारांशी आमचं बोलणं होतं ते फेसबुकवरच्या पेजवरून. ते पेज मेघना सांभाळते. स्वतःची नोकरी करून, संध्याकाळी, विनामोबदला.

त्या पेजवरून एका बैठकीत खडाजंगी झाली. खजिनदार म्हणाले, "आपण लोकांकडे मागतच नाही, म्हणून पैसे येत नाहीत." चिटणीस म्हणाल्या, "उलट आपण सारखे मागतो, म्हणून लोक वैतागलेत." दोघांनी आपापल्या मेव्हण्यांचे दाखले दिले. आप्पांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "आधार काय?"

आधार कुणाकडेच नव्हता. आप्पांनी तिथल्या तिथं तपासणी जाहीर केली. कालावधी जानेवारी ते मार्च.

दुसऱ्या दिवशी मेघनानं मेटाच्या बिझनेस सूटमधून तिन्ही महिन्यांच्या पोस्टची यादी उतरवून एक्सेलमध्ये आणली. आप्पांना ती कागदावर हवी होती. छापली. त्यांना ती आडव्या कागदावर हवी होती. पुन्हा छापली. एकूण पोस्ट भरल्या ६०. मेघनानं स्वतः आधीच वर्गवारी करून ठेवली होती: गोष्टी १८, खबरबात १२, आवाहनं ९, आभार ४ आणि सणवार, जयंत्या, वाढदिवस मिळून १७.

"बघा आप्पा," ती म्हणाली, "साठात नऊ आवाहनं. आपण किती कमी मागतो!"

"शाखेनं दिलेली शिल्लक आणि तपासणीत सापडलेली शिल्लक," आप्पा म्हणाले, "या दोन वेगळ्या वस्तू असतात."

त्यांनी पहिली गोष्ट वाचायला घेतली. एका आजींना पायाच्या ऑपरेशननंतर वॉकर मिळाला आणि त्या अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत गेल्या. छान लिहिली होती. आप्पांनी चष्मा काढून पुसला, इतकी छान. मग चष्मा लावला आणि शेवटची ओळ वाचली: "अशा अनेक आजींसाठी आपला हात पुढे करा." खाली खाते क्रमांक आणि क्यूआर कोड.

"ही गोष्ट नाही," आप्पा म्हणाले. "आवाहन आहे. गोष्टीचा सदरा घातलाय, एवढंच."

मेघना रागावली. "अहो, पण वीस ओळी गोष्टीच्या आहेत, मागणी एका ओळीची!"

"बँकेत कर्जाचा अर्जसुद्धा चार पानी असतो. त्यात शिक्षण लिहितात, वडिलांचं नाव लिहितात. मागणी एका ओळीत. म्हणून त्याला आत्मचरित्र म्हणतात का?"

इथून आप्पांचा नियम ठरला. एका पोस्टला एकच रकाना, आणि रकाना लांबीवरून किंवा सुरावरून ठरवायचा नाही. एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून झाल्यावर वाचणाऱ्यानं काय करावं, अशी आपली अपेक्षा आहे? पैसे, वस्तू किंवा वेळ द्यावा, अशी असेल तर आवाहन. आधी दिलेल्याचं काय झालं ते कळावं, अशी असेल तर खबर. एखादा माणूस, त्याची अडचण, त्याचं घर समजावं, एवढीच असेल तर गोष्ट. आणि वाचणाऱ्यानं काहीच करायचं नसेल, आपणच दुसऱ्या कुणाला तरी श्रेय देत असू, तर ते आभार.

नियम सोपा वाटला, तरी आप्पांचा स्वतःवरही विश्वास नसतो. त्यांनी साठांतल्या वीस पोस्ट निवडून दोन प्रती काढल्या. एक मेघनाला दिली, एक स्वतः घेतली, आणि दोघं दोन खोल्यांत बसले. एकमेकांना न दाखवता रकाने भरायचे. मेघना मधेच पाणी प्यायला उठली, तर आप्पांनी आपला कागद उलटा केला. ताडून पाहिलं तेव्हा तेरा जुळल्या, सात जुळल्या नाहीत. मेघनाला वाटलं, झालं, आता ओरडा बसणार. आप्पा मात्र खूश. "ज्या जुळल्या त्यांत काही कळत नाही. नियम कुठे कच्चा आहे ते या सात सांगतील."

सातांपैकी एक होती, "केंद्रात दहा नवे वॉकर दाखल! आणखी पाचांची गरज आहे, कोड खाली दिला आहे." मेघनाच्या मते खबर, आप्पांच्या मते आवाहन. दुसरी होती रविवारी साहित्य धुण्यासाठी स्वयंसेवक हवेत म्हणून टाकलेली. यात पैशाचा संबंध नाही, म्हणून मेघनानं ती खबरीत धरली होती. आप्पा म्हणाले, मागणी ती मागणी. पण पैशाचं आवाहन आणि वेळेचं आवाहन यांना वेगळी खूण करू, कारण पैसे मागून कंटाळलेला माणूस वेळ द्यायला खुशीनं येतो आणि कधी उलटंही होतं. अशा सात भांडणांतून नियम घट्ट झाला, आणि मग साठही पोस्ट नव्यानं तपासल्या.

अठरा गोष्टींपैकी दहांच्या शेपटाला मागणी निघाली. बारा खबरींपैकी तिघींच्या. तेरा पोस्ट सरकल्या आणि आवाहनं नवाची बावीस झाली. खऱ्या गोष्टी उरल्या आठ, खबरी नऊ, आभार चार.

सतरा सणवारांचं काय करायचं, यावर वेगळी बैठक भरली. मेघना म्हणाली, "आप्पा, सगळ्यात जास्त लाइक त्यांनाच आहेत. अध्यक्षांच्या वाढदिवसाला तर दीडशे!"

"ते लाइक बँकेत भरता येतात का?"

आप्पांनी शुभेच्छा खोडल्या नाहीत. त्यांना 'इतर' असा रकाना दिला आणि टक्केवारी काढताना बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की शुभेच्छांमुळे पेज भरलेलं दिसतं आणि मागणीचं प्रमाण कमी भासतं. साठांत बावीस म्हणजे सुमारे ३७ टक्के. शुभेच्छा वगळून त्रेचाळिसांत बावीस म्हणजे ५१ टक्के. वाचणाऱ्याला संक्रांतीचा तिळगूळ आठवत नाही, पण पैसे मागितलेले आठवतात.

म्हणजे चिटणीसबाई जिंकल्या? त्यांनी तसं बोलून दाखवताच आप्पांनी त्यांनाही थांबवलं. "बेरीज हा पुरावा अर्धा. तारखा लावा." तारखा लावल्या. बावीसपैकी चौदा आवाहनं एकट्या मार्चमधली, त्यातली आठ शेवटच्या आठवड्यात. प्रत्येकात एकच वाक्य: ८० जी खाली करसवलत, आजच देणगी द्या. जानेवारी-फेब्रुवारीत पेज माणसासारखं बोलत होतं. मार्चअखेरीला ते वसुली अधिकाऱ्यासारखं बोलायला लागलं.

"आणि सवलत कुणाला?" आप्पांनी विचारलं. "नव्या कररचनेत ८० जीची वजावटच मिळत नाही. पगारदारानं मुद्दाम जुनी निवडली तरच. शिवाय दोन हजारांवर रोख दिले तर जुन्या रचनेतही नाही. हे आठांपैकी एका तरी पोस्टमध्ये लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. खजिनदारांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मग आभार निघाले. एकूण चारच, म्हणून आप्पांनी ते एकेक करून, चवीनं वाचले. पहिल्यात प्रमुख पाहुण्यांचे आभार. दुसऱ्यात विश्वस्तांचे. तिसऱ्यात एका दात्याचे, आणि त्यात टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून नऊ जण उभे. चौथा 'सर्व ज्ञात-अज्ञात देणगीदारांचे'. पेन्शनीतून दर महिन्याला पाचशे पाठवणाऱ्या बाई या चौथ्यातल्या अज्ञातांत मोडत होत्या. मेघना म्हणाली, "त्यांना पावती जाते की."

"पावती हा त्यांचा हक्क आहे. ती दिली नाही तर आपण चुकलो. आभार कायद्यात बसत नाहीत, म्हणून तर मुद्दाम मानायचे."

फोटोंवरचा शेरा मी आप्पांच्या शब्दांत देतो: "व्हीलचेअर प्रदान समारंभ. छायाचित्रात विश्वस्त चार, व्हीलचेअर एक, रुग्णाचा डावा कोपर."

एवढ्यावर तपासणी संपली असती, तर आप्पा कुठल्याही टक्केवारीवाल्या माणसासारखेच ठरले असते. पण त्या रात्री त्यांनी पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. लाइक करणारे बहुतेक ठरलेलेच होते, आणि त्यांतले बरेचसे कार्यकारिणीचे सदस्य किंवा त्यांच्या सौ. पण फेब्रुवारीतल्या एका आवाहनाखाली कुणीतरी विचारलं होतं, "जानेवारीत मागितलेलं ऑक्सिजनचं मशीन आलं का?" खाली संस्थेचं उत्तर: जोडलेल्या हातांचं चित्र. मार्चमध्ये त्याच गृहस्थांनी पुन्हा विचारलं. पुन्हा जोडलेले हात.

आप्पांनी ते प्रकरण मुळापासून उकरलं. १२ जानेवारीला दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी नव्वद हजारांचं आवाहन. १९ला पुन्हा. २७ला पुन्हा, या वेळी गोष्टीच्या रूपात. ५ फेब्रुवारीला पुन्हा. बँकेचं पासबुक पाहिलं, तर ९ फेब्रुवारीला रक्कम पूर्ण. बिल पाहिलं, तर २० फेब्रुवारीला यंत्रं केंद्रात दाखल. भांडारातली नोंदवही पाहिली, तर मार्चअखेर दोन्ही यंत्रं मिळून तीन घरी जाऊन आलेली, अनामत, भाडं, परतीची तारीख, फिल्टर साफ केल्याची सही, सगळं जागच्या जागी. हिशेब निर्मळ होता. आणि पेजवर? चार वेळा मागणी. त्यानंतर त्या यंत्रांबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते जिंकल्यासारखे. "हे उचंत खातं आहे!"

ज्यांचा बँकेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादी रक्कम आली किंवा गेली, पण कुठल्या खात्यात घालायची ते ठरलं नाही, की ती तात्पुरती उचंत खात्यात ठेवतात. ती तिथून लवकर हलली पाहिजे. उचंत खात्यात जुन्या नोंदी पडून असतील तर कुणी पैसे खाल्ले असतीलच असं नाही, पण तपासनीस सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो. आप्पांच्या मते प्रत्येक आवाहन म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात उघडलेली उचंत नोंद. पैसे जमले, वस्तू आली, वापरली गेली, ही खबर त्याला मिळाली आणि आभार मानले, की नोंद मिटते. नाही तर ती त्याच्या मनात उघडीच राहते. पुढचं आवाहन तो वाचतो तेव्हा या मागच्या उघड्या नोंदीच आधी पुढे येतात.

बावीस आवाहनं त्यांनी या नजरेनं पुन्हा लावली. एकाच गरजेची पुनरावृत्ती वगळली, तेव्हा वेगवेगळ्या मागण्या निघाल्या नऊ. त्यांतल्या फक्त दोन मिटलेल्या. "प्रमाण बिघडलंय हे खरं," ते म्हणाले, "पण दुखणं ते नाही. तुम्ही आवाहनं निम्मी केलीत आणि एकही मिटवलं नाहीत, तर टक्केवारी सुधारेल आणि विश्वास आहे तिथेच राहील."

मेघनाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं रात्री वाचून काढलेला एक अभ्यास समोर ठेवला. लव्हजॉय आणि सॅक्सटन या अभ्यासकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या शंभर मोठ्या सेवाभावी संस्थांचे ट्वीट तपासून तीन गट केले होते: माहिती, नातं आणि कृती. निम्म्याहून जास्त ट्वीट माहितीचे, साधारण चौथा हिस्सा नात्याचे, आणि कृतीचे, म्हणजे वाचणाऱ्याला काही करायला सांगणारे, त्याहूनही कमी, शंभरात पंधरा-सोळा. "आपणही हेच प्रमाण धरू या का?"

आप्पांनी अभ्यास आदरानं वाचला, समासात टीक केली आणि परत दिला. "त्यांनी काय केलं ते यात आहे. काय करावं, ते यात नाही. आणि त्या शंभर संस्थांकडे फाउलर बेड उसना मागायला कुणी रात्री अकराला येत नाही." तेव्हा प्रमाणाचा आकडा त्यांनी ठरवलाच नाही. कुणी 'चार गोष्टींमागे एक आवाहन' असं काही सुचवलं की ते फक्त "आधार काय?" एवढंच विचारायचे.

त्याऐवजी त्यांनी एक वही आखली. आवाहन क्रमांक, तारीख, कशासाठी, किती हवे, किती जमले, वस्तू कधी आली, खबर कधी दिली, आभार कधी मानले. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तर त्याच कारणासाठी नवं आवाहन टाकायचं नाही. पैसे पुरते जमले नसतील तर तेही सांगायचं: नव्वदपैकी साठ जमले, एक यंत्र घेतलं, दुसरं थांबलंय. "अर्धवट खबर चालेल. जोडलेले हात चालणार नाहीत."

खबर आणायची कुठून, हा मेघनाचा प्रश्न रास्त होता. रोज संध्याकाळी घरी बसून ती काय लिहिणार? त्यावर आप्पांनी भांडारातली नोंदवहीच तिच्या पुढ्यात ठेवली. कुठलं साहित्य कधी गेलं, कधी आलं, किती दिवस लागलं, सगळं त्यात होतं. भांडार सांभाळणाऱ्या बबनरावांना तर प्रत्येक वॉकरचा इतिहास तोंडपाठ. ते म्हणाले, "हा सात नंबर वॉकर. पाच घरं फिरलाय. याचं रबर मी दोनदा बदललं." मेघनानं ती तीन वाक्यं तशीच टाकली, खाते क्रमांकाशिवाय. रुग्णाचं नाव, आजार किंवा घराचा पत्ता लिहायचा नाही, आणि चेहरा दाखवायचा तर लेखी संमती घ्यायची, ही अटही आप्पांचीच. वॉकरचा फोटो पुरतो. वॉकरला संमती लागत नाही, हे त्यांनी खात्री करून घेतल्यावरच मान्य केलं.

एप्रिल ते जूनची तपासणी झाली तेव्हा शुभेच्छा सोडून पोस्ट भरल्या ३४: आवाहनं ८, खबरी १२, गोष्टी ७, आभार ७. जानेवारीतली यंत्रंही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदाची मिटली, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांनी खाली लिहिलं, "कळवल्याबद्दल आभारी आहे." मेघनानं विजयानं कागद पुढे केला. आप्पांनी तो तपासला, टीक केली आणि म्हणाले, "छान. पण याची मार्चशी तुलना करू नकोस. मार्चची तुलना पुढच्या मार्चशीच करायची. जूनमध्ये कोण कशाला मागेल?" अध्यक्षांचा वाढदिवस जूनमध्येच येतो, हे कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी 'इतर' रकान्याकडे नुसतं पाहिलं.

आप्पांसारखा माणूस प्रत्येक संस्थेत एक असावा. दोन असू नयेत, दोघं एकमेकांचे चष्मे तपासत बसतील. तोवर त्यांचं काम तुम्हीही करू शकता. एखाद्या संस्थेला तुम्ही पैसे दिले असतील आणि तिचं नवं आवाहन समोर आलं, तर पैसे पाठवण्याआधी त्याखाली एवढंच विचारा: मागच्या वेळी मागितलं होतं, त्याचं काय झालं? उत्तरात तारीख आणि वस्तू आली तर खुशाल द्या. जोडलेले हात आले, तर पुन्हा विचारा.